नीटचा पेपर घेऊन आईबाबांसमोर बसताना

नीटच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींच्या घरी सराव चाचणीचा निकाल आला की पहिला प्रश्न येतो, ‘रँक किती?’ रँक मात्र एकट्या मुलाच्या हातात नसते. 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 जणांना 720 पैकी 720 गुण होते. 2025 मध्ये पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 मिळाले. म्हणून ‘सहाशेच्या वर हवेत’ असा आकडा धरून घरात बोलणं सुरू झालं की ते लवकरच भांडणावर येतं. मुलांनी आईबाबांसमोर गुणपत्रिकेबरोबर तपासलेला पेपरही ठेवावा, असं माझं मत आहे.

समजा, एका मुलीला 380 गुण पडले. तिने 180 पैकी 150 प्रश्न सोडवले, त्यातले 106 बरोबर आले आणि 44 चुकले. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. आता त्या 44 चुका वेगळ्या करायच्या. 16 ठिकाणी अंदाजाने ठोकलं, 12 ठिकाणी येत असूनही आकडेमोड किंवा वाचण्यात चूक झाली आणि 16 ठिकाणी धडाच कच्चा होता. पुढच्या वेळी अंदाजाचे प्रश्न सोडले तर 16 गुण वाचतात. निष्काळजीपणाच्या निम्म्या चुका सुधारल्या तर प्रत्येकी पाचप्रमाणे 30 वाढतात. म्हणजे 426. कच्चे धडे पक्के व्हायला मात्र आठवडे लागतात, कारण कॉलेज, क्लास, प्रवास, जेवणखाण आणि झोप वजा जाता दिवसाचे तीन-साडेतीन तासच स्वतःच्या अभ्यासाला उरतात. जास्तीचे तास झोपेतून काढले तर वाचण्यातल्या चुका वाढतात, आणि कमी करायच्या होत्या त्या नेमक्या याच. तेव्हा ‘दोन महिन्यांत 430च्या आसपास जाईन, सहाशे नाही’ हे तिने स्पष्ट सांगावं.

यावर आईबाबा म्हणतील, ‘ध्येयच लहान ठेवलं तर आणखी खाली येशील.’ ही भीती खोटी नाही. सरकारी आणि खासगी मेडिकल कॉलेजच्या फीमध्ये केवढं अंतर आहे, ते त्यांना ठाऊक असतं. पण सहाशेचा धाक बसलेलं मूल एकही प्रश्न सोडायला धजत नाही, अंदाजाने ठोकत जातं आणि होते तेही गुण घालवतं. ‘ही पळवाट कशावरून नाही?’ असंही ते विचारतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी नवा पेपर घेऊन तेच तीन रकाने पुन्हा भरावेत. अंदाजाचा रकाना तीन पेपरनंतरही 16वरच असेल तर मूल सांगितल्याप्रमाणे वागलेलं नाही, आणि आईबाबांचं रागावणं रास्त आहे. तो आकडा उतरला असेल, पण कच्च्या धड्यांचा हलत नसेल, तर त्या विषयाच्या सरांना भेटावं. आणि परीक्षा जवळ येऊनही तो हलला नाही, तर फिजिओथेरपी, नर्सिंग, बीएस्सी यांची चौकशी निकालाच्या आधीच, तिघांनी मिळून करावी.