चौदा गोळ्या आणि चौदा जास्तीच्या वाट्या

आज बचतीचा हिशोब बाजूला ठेवते आणि लहान लेकरांच्या हगवणीबद्दल बोलते. पाऊस सुरू झाला की आपल्या शिर्डी-राहाता भागात प्रत्येक गल्लीत एखादं तरी लेकरू जुलाबाने बेजार असतं. ओआरएसचं पाणी, म्हणजे जलसंजीवनी, आता बहुतेक घरांत माहीत झालं आहे. पण त्याच्या जोडीने दोन गोष्टी लागतात आणि त्यातच आपण चुकतो. एक म्हणजे झिंकची गोळी पूर्ण चौदा दिवस देणं, आणि दुसरी म्हणजे आजारपणातही लेकराला खाऊ घालणं.

आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी घडलेलं सांगते. नाव सांगत नाही, पण तिने सांगायची परवानगी दिली आहे. ताई हार ओवायचं काम करते. गुरुपौर्णिमेच्या गर्दीचे दिवस होते, म्हणून पहाटेच घर सोडायची. अकरा महिन्यांची मुलगी आजीजवळ असायची. मुलीला पाण्यासारखे जुलाब लागले, दिवसातून सात-आठ वेळा. आजीने जुन्या समजुतीप्रमाणे तिचं खाणं बंद केलं. "पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार?" असं आजीचं म्हणणं. भात बंद, वरण बंद, वरचं दूध पाणी घालून पातळ केलेलं. आई कामावर, त्यामुळे अंगावरचं दूधही फक्त पहाटे आणि रात्री. कोणीतरी जुलाब थांबवायचं औषध आणून दिलं, तेही पाजलं. तिसऱ्या दिवशी जुलाब चालूच होते आणि पोर भुकेने किरकिर करत होती.

आजीचा हेतू वाईट नव्हता. माझ्या आईनेही माझ्या भावाला असंच उपाशी ठेवलं होतं. म्हणून आत पोटात काय होतं ते आधी समजून घेऊ.

आपला अंघोळीचा टॉवेल आठवा. त्याच्यावर बारीक बारीक धाग्यांचे फेरे उभे असतात, म्हणून तो पाणी शोषतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावरही असेच बारीक केसासारखे उंचवटे असतात. अन्न आणि पाणी तेच शोषून घेतात. हगवणीचे जंतू हे उंचवटे झिजवतात. अस्तर सपाट झालं की पाणी शोषलं जात नाही आणि जुलाब होतात. पण हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होत असतं. त्याला लागणारं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. लेकराला उपाशी ठेवलं तर आतडं रिकामं राहतं, नवं अस्तर हळू बनतं आणि जुलाब लांबतात. म्हणजे पोटाला आराम द्यायला जावं आणि दुरुस्तीचंच काम बंद पडावं, असं होतं.

खाल्ल्यावर लगेच एक जुलाब झाला तर आईला वाटतं, खाल्लेलं सगळं वाहून गेलं. तसं नसतं. जुलाब चालू असतानाही खाल्लेल्यातला मोठा भाग अंगी लागतो.

आता झिंक. झिंक म्हणजे जस्त. आपल्या शरीराला ते अगदी थोडं लागतं, पण नवी पेशी तयार व्हायची असेल तर त्याच्यावाचून चालत नाही. रक्तासाठी लागणाऱ्या लोहाचा साठा शरीर करून ठेवतं, जस्ताचा तसा साठा नसतो. ते रोज खाण्यातून यावं लागतं. मांस, मासे, अंडी, डाळी, तीळ यांत जस्त असतं. आपल्या भाकरी-चपातीतही असतं, पण धान्याच्या कोंड्यातलं एक द्रव्य त्याला धरून ठेवतं, म्हणून पोटात कमी शोषलं जातं. मांस-अंडं क्वचित खाणाऱ्या लेकराच्या अंगात जस्त आधीच कमी असतं, आणि प्रत्येक जुलाबाबरोबर आणखी बाहेर जातं. गोळी ही तूट भरते. अस्तर लवकर बनतं, आतड्यात पाणी सुटण्याचं प्रमाण कमी होतं आणि जंतूंशी लढायची ताकदही वाढते.

हे नुसतं सांगोवांगी नाही. दिल्लीत डॉ. सुनील सझावल, डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त लहान मुलांवर याचा अभ्यास केला आणि तो 1995 साली प्रसिद्ध झाला. झिंक मिळालेल्या मुलांची हगवण लवकर थांबली. इतर देशांतही असे अभ्यास झाले, आणि 2004 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ओआरएससोबत झिंक द्यायची शिफारस केली.

किती फरक पडतो, तेही खरं खरं सांगते. सहा महिन्यांवरच्या मुलाचं आजारपण सरासरी अर्ध्या दिवसाने कमी होतं. कुपोषित मुलाचं साधारण एका दिवसाने. पहिल्या गोळीने जुलाब बंद होणार नाहीत. ती अपेक्षा ठेवली की आई दुसऱ्या दिवशी म्हणते, "गोळी लागू पडली नाही," आणि सोडून देते. सहा महिन्यांखालच्या बाळाचं आजारपण झिंकने कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. तिथे आईचं दूध हाच मोठा आधार.

आता ताईच्या घरी परत येऊ. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी आधी पोरीकडे नीट पाहिलं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली. डोळे खोल गेलेले नव्हते, रडताना पाणी येत होतं, पोर हुशार होती आणि नीट पीत होती. विष्ठेत रक्त नव्हतं. म्हणजे घरी उपचार करता येणार होता. जुलाब थांबवायचं औषध त्यांनी बंद करायला सांगितलं. लहान मुलांना ते देऊ नये, जंतू आतच राहतात आणि पोट फुगू शकतं.

मग ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण रिकामं केलं. मोजायला धुतलेली एक लिटरची बाटली घेतली. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून नवं करायचं.

झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी पाण्यात लगेच विरघळते. मोठ्या चमच्यात थोडं पाणी घेतलं, गोळी टाकली, विरघळल्यावर पाजली. दिवसातून एकदा, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी असते आणि ती आईच्या दुधात विरघळवून देतात. गोळी बाटलीभर ओआरएसमध्ये टाकायची नाही, कारण सगळं पाणी संपलं नाही तर गोळी अर्धवट जाते. गोळीची चव तुरट लागते आणि काही मुलं ओकतात. म्हणून रिकाम्या पोटी न देता थोडं खाल्ल्यावर द्यावी. अर्ध्या तासाच्या आत ओकली तर पुन्हा द्यावी.

आणि खाणं. त्याच दिवशी मुगाची मऊ खिचडी केली, वर चमचाभर तेल घातलं. कुस्करलेलं केळं, दही-भात, वरणात भिजवून मऊ केलेली चपाती. एका वेळी थोडंच, पण दर तीन तासांनी, दिवसातून सहा वेळा. दुधात पाणी घालणं बंद केलं. ताईने दुपारी एकदा घरी येऊन अंगावर पाजायची सोय केली. चहा, थंड पेय, गोड सरबत द्यायचं नाही, कारण जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

पाचव्या दिवशी जुलाब दोनवर आले, सहाव्या दिवशी शौच बांधून झाली. इथेच खरी चूक व्हायची होती. नवव्या दिवशी गटाची बैठक होती. मी सहज विचारलं, "किती गोळ्या झाल्या?" ताई म्हणाली, "पोर बरी झाली, मग राहिलेल्या ठेवून दिल्या फळीवर. पुढच्या वेळी होतील." चारच गोळ्या गेल्या होत्या.

अशी चूक बऱ्याच घरांत होते. जुलाब थांबले तरी अंगातलं जस्त भरून आलेलं नसतं. चौदा दिवस पूर्ण केले तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा हगवण लागण्याची शक्यता कमी होते. याच ताईच्या थोरल्या मुलाला आदल्या वर्षी पावसाळ्यात महिन्याभरात दोनदा जुलाब लागले होते. दोन्ही वेळा खाणं बंद, आणि अंगणवाडीच्या तक्त्यावर त्याचं वजन पिवळ्या पट्ट्यात उतरलं. ते आठवून ताईने त्याच रात्री गोळी पुन्हा सुरू केली आणि चौदा पूर्ण केल्या.

आशाताईंनी आणखी एक सांगितलं होतं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जास्तीचं जेवण द्यायचं. म्हणून आमच्या गटात आता हिशोब सोपा आहे: चौदा गोळ्या आणि चौदा जास्तीच्या वाट्या. आजीने दिनदर्शिकेवर रोज खूण केली. मुलीचं वजन आजारापूर्वी 7 किलो 800 ग्रॅम होतं, तिसऱ्या दिवशी 7 किलो 500 झालं होतं, आणि जास्तीच्या वाट्या संपल्या तेव्हा 7 किलो 900 भरलं.

सगळं घरी करायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. लेकरू सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले, कातडीची चिमटी सोडल्यावर हळू परत गेली, विष्ठेत रक्त दिसलं, घेतलेलं सगळं ओकू लागलं, लघवी कमी झाली किंवा ताप जोराचा आला, तर लगेच दवाखाना. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाट पाहूच नका. वाटेत ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. चौदा दिवस होऊनही जुलाब थांबले नाहीत तरीही डॉक्टरांना दाखवा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. फारशी शाळा न शिकलेल्या बायकांनी गल्लीगल्लीत मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवलं. तेव्हा झिंकची गोळी नव्हती. आज ती आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळते.

तर पुढच्या बैठकीला येताना घरातली फळी बघून या. झिंकची अर्धवट राहिलेली पट्टी सापडली तर सोबत आणा आणि ती कोणत्या लेकराची, कितव्या दिवशी थांबली, ते सांगा. घरातल्या आजीलाही घेऊन या. वाटी तिच्या हातात असते.