तुझ्या-माझ्यात आणि आपल्यात



व्याकरणावर बोलायला उभे राहिलेल्या माणसाकडे श्रोते जरा संशयाने पाहतात, याची आम्हांला कल्पना आहे. तेव्हा आज सगळे व्याकरण पुढे मांडण्याचा बेत नाही. मी, तू, आपण, स्वतः एवढे चारच शब्द घेऊ. लासूर स्टेशनावर रोज हजारो वेळा हे शब्द उच्चारले जात असतील; मोंढ्यात सौदा होताना, गाडीची वाट पाहताना, घरी वाटणीचा वाद निघाला असताना. वाद निघाला की मात्र या चार शब्दांपैकी कोणता कोणाविषयी होता, हे सांगणे अवघड होऊन बसते.

पहिल्यांदा जोडीने येणारी सर्वनामे पाहू. ‘तू आणि माझ्यात काय फरक आहे?’ असे वाक्य आजकाल पुष्कळ ऐकू येते. कानाला ते फारसे खटकत नाही, कारण नामांच्या बाबतीत आपण अशी सवलत घेतच असतो. ‘केशव आणि गोविंदाला बोलाव’ असे आपण म्हणतो. ‘ला’ एकट्या गोविंदाला चिकटतो आणि केशव तसाच कोरडा राहतो, तरी दोघांनाही बोलवायचे आहे हे कळते. नामाचे मूळ रूप आणि प्रत्यय लागण्यापूर्वीचे रूप यांत अंतर थोडे असते, म्हणून हे खपते. सर्वनामाचे तसे नाही. ‘मी’ला प्रत्यय लागायचा तर तो ‘मी’ राहतच नाही. ‘मला’, ‘माझ्यात’, ‘माझ्याशी’ असे त्याचे अंगच बदलते. त्यामुळे जोडीतल्या प्रत्येक सर्वनामाने आपापली विभक्ती आपणच वागवली पाहिजे. ‘तुझ्यात आणि माझ्यात’, ‘तुझ्या-माझ्यात’, ‘तुझ्या आणि माझ्यामध्ये’ ही तिन्ही रूपे नीट आहेत. ‘तू आणि माझ्यात’ यात मात्र ‘तू’ दाराबाहेरच उभा राहिला.

कसोटी सोपी आहे. जोडी फोडावी आणि एकेकाला वाक्यात उभे करून पाहावे. ‘तू फरक आहे’ असे कोणी म्हणेल काय? नाही. मग ‘तू’ तेथे चालत नाही.

हीच कसोटी भूतकाळी वाक्याला लावली की एक गंमत दिसते. ‘केशवाने आणि मी आंबे खाल्ले’ हे वाक्य शुद्ध आहे. एकाला ‘ने’ आणि दुसऱ्याला काहीच नाही, म्हणून ते चुकल्यासारखे वाटते आणि काही सावध माणसे ‘केशव आणि मी आंबे खाल्ले’ अशी दुरुस्ती करायला जातात. पण जोडी फोडून पाहा. ‘केशव आंबे खाल्ले’ कोणी म्हणत नाही. ‘केशवाने आंबे खाल्ले’ म्हणतात. ‘मी आंबे खाल्ले’ मात्र बरोबर आहे. येथला ‘मी’ दिसायला प्रथमेचा असला तरी काम तृतीयेचे करतो. जुन्या मराठीत त्याला ‘म्यां’ असे वेगळे रूप होते, तसेच ‘तू’ला ‘त्वां’ होते. ती रूपे बोलण्यातून गेली; काम तेवढे राहिले.

इंग्रजांनाही या जोडीने पुष्कळ छळले आहे. ‘बिट्वीन यू अँड मी’ हे त्यांचे शुद्ध रूप. पण शेवटी ‘मी’ऐवजी ‘आय’ म्हणणारे सुशिक्षित तेथे आजही भेटतात, आणि शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातील अँटोनियोच्या पत्रातही तोच ‘आय’ आहे. तेव्हा या चुकीबद्दल कोणाला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. जोडीत शिरले की सर्वनाम आपली विभक्ती विसरते, एवढेच समजावे.

लिखाणात आपण आणखी एक युक्ती वापरतो. ‘केशव व गोविंद यांच्यात वाटणी झाली.’ नावे कोरडी ठेवायची आणि सगळा भार शेवटच्या ‘यांच्यात’वर टाकायचा. युक्ती उत्तम आहे; माणसे पाच असली तरी चालते. पण त्या यादीत लिहिणारा स्वतःच शिरला की अडचण होते. ‘मी व माझा भाऊ यांच्यात वाटणी झाली’ असे अर्जांत सर्रास लिहितात. अर्थ कळतो, परंतु ‘यांच्यात’ हा शब्द तिऱ्हाइताचा आहे आणि त्याच्या पोटात ‘मी’ मावत नाही. ‘मी व माझा भाऊ आम्हां दोघांत वाटणी झाली’ असे लिहावे. यादीत वाचणाराही असेल तर? मग ‘तू, केशव आणि मी आपल्या तिघांत’ असे होईल.

येथे ‘आम्हां’च्या जागी ‘आपल्या’ कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. ऐकणाऱ्याला वगळून जो समुदाय होतो तो ‘आम्ही’, आणि त्याला धरून जो होतो तो ‘आपण’. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे, आणि हिंदी-उर्दूतल्या ‘हम’लाही दोन्ही कामे करावी लागतात. निजामाच्या राज्यात आपल्या भागातील पुष्कळांचे शिक्षण उर्दूतून झाले. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिकवण्याचे माध्यमही उर्दूच होते. तरी हा भेद आपल्या बोलण्यातून पुसला गेला नाही. ‘ही गोष्ट आपल्यातच राहू दे’ म्हटले की ऐकणारा विश्वासात घेतला गेला. ‘ही गोष्ट आमच्यातच राहू दे’ म्हटले की त्याला सभ्यपणे उठून जायला सांगितले. आम्ही या व्यासपीठावरून स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आहो, तोही आपल्याला वगळणारा ‘आम्ही’ आहे. वक्त्यांची ती जुनी खोड आहे.

पण ‘आपण’ या शब्दावर मराठीने फार ओझे लादले आहे. ‘आपण सगळे जाऊ’ यात तो ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असा आहे. लग्नपत्रिकेतल्या ‘आपण सहकुटुंब यावे’ यात तो आदराने ‘तुम्ही’ आहे. ‘आपण निवडणूक लढवणार नाही, असे ते म्हणाले’ यात तो बोलणाऱ्या पुढाऱ्याविषयी आहे. व्याकरणकार त्याला आत्मवाचक म्हणतात. शिवाय ‘मी आपला गप्प बसलो’ यातला ‘आपला’ कोणाचाच नसतो. तो नुसता वाक्याला टेकू देतो.

आत्मवाचकाचे काम करणारा दुसरा शब्द ‘स्वतः’. शाळेत ‘आपण, स्वतः’ हे शब्द एका ओळीत पाठ करून घेतात, त्यामुळे दोन्ही सारखेच असा समज होतो. ते सारखे नाहीत. खालची वाक्ये सावकाश ऐका.

‘केशवाला वाटते की गोविंदाने स्वतःला फसवले.’ फसला कोण? गोविंदच. त्याने आपल्याच मनाची समजूत घातली आणि नुकसान करून घेतले.

‘केशवाला वाटते की गोविंदाने आपल्याला फसवले.’ आता फसला केशव. शब्द एकच बदलला आणि नुकसान एका घरातून दुसऱ्या घरात गेले.

‘स्वतःला’ हा शब्द ज्या लहान वाक्यात बसला असेल, त्याच वाक्याच्या कर्त्याकडे वळतो. तो कुंपण ओलांडत नाही. ‘आपल्याला’ कुंपण ओलांडून बाहेरच्या, म्हणजे मुख्य वाक्यातल्या माणसाकडे जातो. म्हणूनच ‘गोविंदाने आपल्याला मारले’ एवढेच वाक्य असेल, तर गोविंदाने स्वतःलाच मारले असा अर्थ कोणी घेत नाही. मार तुम्हांआम्हांला बसला असेच समजतात. काशी वाली आणि सुब्बाराव या भाषाशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये मराठी व तेलुगू सर्वनामांवर लिहिलेल्या निबंधात अशा प्रकारच्या भेदांची चर्चा केली आहे. पण आजीला विचारले तरी ती न अडखळता तोच निवाडा देईल.

आता तिसरा शब्द घालून पाहा. ‘केशवाला वाटते की गोविंदाने त्याला फसवले.’ येथे फसलेला केशव असू शकतो किंवा ज्याचे नाव अजून निघालेले नाही असा कोणी असू शकतो. जबानी लिहून घेताना लिहिणाऱ्याने ‘आपल्याला’च्या जागी ‘त्याला’ घातले, तर फिर्यादीच हरवण्याची भीती आहे.

‘स्वतः’ला आपला असा पुरुष नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘मी स्वतः गेलो’, ‘ती स्वतः गेली’ असे कोणाच्याही मागे तो उभा राहतो. एकटा उभा राहत नाही. सभेच्या वृत्तांतात ‘साहेबांनी केशवराव व स्वतःला बोलावले’ असे कोणी लिहिले, तर साहेबांनी साहेबांनाच बोलावले असे होईल. लिहिणाऱ्याला नम्रतेने ‘मला’ टाळायचे होते. पण तेथे ‘मला’च हवे. आणि केशवरावांनाही त्यांचा प्रत्यय द्यावा: ‘केशवरावांना व मला’.

राहिला ‘आपला’. याच्याइतका घात कोणी करत नाही. समजा, मोंढ्यात कोणी सांगितले, ‘गोविंदाने केशवाला आपली गाडी परत आणायला सांगितले.’ गाडी कोणाची? ‘आपला’ कर्त्याकडे वळतो हे खरे. पण या वाक्यात कर्ते दोन आहेत. ‘सांगितले’ याचा कर्ता गोविंद, आणि ‘आणायला’ या लपलेल्या क्रियेचा कर्ता केशव. म्हणून गाडी गोविंदाची ठरते तशीच केशवाचीही ठरते. शिवाय सांगणारा आणि ऐकणारा एका घरचे असतील तर ती त्यांच्या घरचीही असू शकेल. तीन अर्थ झाले, आणि वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे.

‘आपली’ काढून ‘त्याची’ घातले तर सुटका होईल काय? शिस्तीने पाहिले तर ‘आपली’ म्हणजे कर्त्याची आणि ‘त्याची’ म्हणजे दुसऱ्याची. पण बोलताना आज ‘त्याने त्याची गाडी विकली’ म्हणजे स्वतःचीच विकली असेही समजतात, तेव्हा ‘त्याची’वर भिस्त ठेवता येत नाही. ‘स्वतःची’ थोडे अधिक भरवशाचे. पण वरच्या वाक्यात तेही दोघांकडे पाहते. प्रथम आणि द्वितीय पुरुषात हा घोळ नाही. ‘मी माझी गाडी विकली’, ‘तू तुझी विक’ हे मराठीचे आजचे वळण आहे. हिंदीतल्या ‘मैंने अपनी गाड़ी’ या चालीने ‘मी आपली गाडी विकली’ म्हटले की ऐकणारा चमकतो: आमचीही विकलीस काय?

खरेदीखत लिहिणाऱ्यांना हे केव्हाच कळले आहे. त्यांच्या कागदात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्द ओळीओळीला येतात, आणि मिळकतीचे वर्णन ‘माझ्या मालकीची’ असे असते. ‘आपल्या मालकीची’ असे सहसा नसते. वाचताना ते कंटाळवाणे होते, यात शंका नाही. पण आपल्या वाक्याला त्याच रीतीने दुरुस्त करून पाहा: ‘गोविंदाची गाडी केशवाने परत आणावी, असे गोविंदाने सांगितले.’ गोविंद दोनदा आला. गाडी मात्र त्याच्याच दारात उभी राहिली.