रिकामा चौकोन म्हणजे डबा नव्हे!

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या बोलण्याचा हा मजकूर आहे.)



मागच्या महिन्यात तालुक्याच्या विक्री प्रदर्शनात आपल्या एका गटाच्या टेबलावर लिंबाच्या लोणच्याचे मोठे डबे उरले होते आणि लसणाची चटणी मागायला आलेलं गिऱ्हाईक परत जात होतं. तेव्हा सगळ्यांनी कोषाध्यक्ष मावशींना बोल लावला. मी त्यांचा फोन हातात घेऊन बघितला, तर चूक त्यांची नव्हतीच. काय झालं ते त्यांच्या परवानगीनं सांगते, कारण हे उद्या तुमच्या गटातही होऊ शकतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सचिव ताईंनी माल किती आणायचा याचा निरोप पाठवला. मावशींचा नेटपॅक संपला होता म्हणून साधा एसएमएस केला. घाईत ताईंनी शब्द लिहिले नाहीत, चित्रं टाकली. लिंबाचं चित्र आणि पुढे १२, लसणाचं चित्र आणि ८, आल्याचं चित्र आणि ६. म्हणजे लिंबाच्या लोणच्याच्या १२ बरण्या, लसूण चटणीची ८ पाकिटं, आल्याच्या लोणच्याच्या ६ बरण्या. ताईंच्या नव्या फोनवर तिन्ही चित्रं छान दिसत होती.

मावशींचा फोन २०१८ सालचा. त्यांना दिसलं असं: लिंबू १२, रिकामा चौकोन ८, रिकामा चौकोन ६. आता मला सांगा, लोणचं करणाऱ्या बाईला चौकोन दिसला तर तिला काय वाटेल? डबा! मावशींनी लिंबाच्या १२ बरण्या भरल्या, वर ८ मोठे आणि ६ छोटे डबेही लिंबाच्या लोणच्याचेच भरले. लसूण आणि आलं घरीच राहिलं.

असं का होतं ते आपल्या वहीवरून समजून घेऊ.

फोनमधून चित्र जात नाही, चित्राचा फक्त क्रमांक जातो. अक्षरांचंही तसंच असतं. युनिकोड नावाची एक जागतिक संस्था जगातल्या प्रत्येक अक्षराला आणि चित्राला एक क्रमांक देते. लसणाचा क्रमांक आहे U+1F9C4. ताईंच्या फोननं तो क्रमांक पाठवला. मावशींच्या फोननं तो घेतला आणि त्या क्रमांकाचं चित्र स्वतःच्या वहीत शोधलं. समजा मी तुम्हाला म्हटलं, "खातं क्रमांक ४७ मध्ये नोंद करा," पण तुमच्या वहीत ४० च खाती आहेत. तुम्ही काय कराल? तिथे रिकामी जागा सोडाल. फोनही तेच करतो. चित्र सापडलं नाही की त्या जागी रिकामा चौकोन काढतो. आणि कुठलंही चित्र नसलं तरी चौकोन एकसारखाच येतो, म्हणून लसूण आणि आलं मावशींना सारखंच दिसलं.

मग लिंबू कसं दिसलं? लिंबाला क्रमांक मिळाला २०१० साली. लसणाला मिळाला २०१९ साली आणि आल्याला तर २०२२ साली. मावशींच्या फोनची वही २०१८ च्या आधीच लिहून बंद झाली होती. हल्ली साधारण दर सप्टेंबरला नवीन चित्रांची यादी निघते. फोन कंपन्या त्यानंतर काही महिन्यांनी ती आपल्या नव्या फोनमध्ये घालतात. जुन्या फोनला काही वर्षांनी कंपनी अपडेट देणंच बंद करते आणि त्याची वही तिथेच थांबते.

हे ओळखायची खूण सोपी आहे. ज्या निरोपात चौकोन आला तो तसाच नव्या फोनवर पुढे पाठवा. तिथे चित्र उमटलं, तर निरोप खराब नाही, तुमच्या फोनकडे ते चित्र नाही एवढंच. क्रमांक आतमध्ये शाबूत असतो. मावशींचा एसएमएस मी माझ्या फोनवर घेतला आणि लसूण, आलं दोन्ही दिसलं. तिथेच भांडण मिटलं.

आणखी एक फसवं चित्र आहे, तेही लिंबाचंच. २०२३ साली हिरव्या लिंबाचं चित्र आलं. त्याला नवीन क्रमांक दिला नाही. पिवळं लिंबू आणि हिरवा चौकोन हे दोन जुने क्रमांक जोडून ते बनवलंय. ज्या फोनकडे ही दोन्ही चित्रं आहेत पण ही जोडणी माहीत नाही, तो लिंबू आणि हिरवा चौकोन वेगवेगळे दाखवतो. म्हणजे एका चित्राची दोन चित्रं होतात. मागणीच्या यादीत हे आलं तर पुन्हा गोंधळ ठरलेला.

आता करायचं काय?

निरोप पाठवणाऱ्यांनी वस्तूचं नाव आणि आकडा आधी शब्दांत लिहावा: "लसूण चटणी ८ पाकिटं." मग हौस म्हणून पुढे चित्र टाका. ते दिसलं नाही तरी माल चुकणार नाही. हप्त्याची तारीख, रक्कम, बैठकीची वेळ यात चित्राच्या भरवशावर राहूच नका. चित्र हवंच असेल तर हात जोडलेलं, अंगठ्याचं, लिंबाचं अशी जुनी चित्रं वापरा, ती बहुतेक सगळ्या स्मार्टफोनवर दिसतात. शंका असेल तर गटातला सर्वात जुना फोन कोणाचा आहे ते बघा आणि आधी तिथे पाठवून विचारा, "ताई, काय दिसतंय?"

निरोप वाचणाऱ्यांनी चौकोन दिसला की अंदाज करू नये, फोन करून विचारावं. चौकोन व्हॉट्सअॅपमध्ये येत असेल तर Play Store मध्ये जाऊन व्हॉट्सअॅप अपडेट करा. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅप स्वतःची चित्रं स्वतःबरोबर आणतं, त्यामुळे जुन्या फोनवरही बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं. पण एसएमएसमध्ये, किंवा पडद्याच्या वर निरोपाची सूचना येते तिथे, बहुतेक वेळा फोनचीच वही चालते. म्हणून तेच चित्र व्हॉट्सअॅपच्या आत दिसतं आणि वरच्या सूचनेत चौकोन येतो, असंही होतं. त्यासाठी Settings मध्ये Software update बघा. काही फोनमध्ये ते About phone किंवा System च्या आत असतं. अपडेट आलं असेल तर वायफायवर, चार्जिंग लावून घ्या. काहीच येत नसेल, तर त्या फोनवर एसएमएसमधले चौकोन राहणारच. त्यासाठी नवीन फोन घ्यायची गरज नाही, शब्द वाचता येतात तेवढं पुरे.

आणि एक गोष्ट करू नका. "नवीन इमोजी मिळवा" म्हणून कोणी एखादा कीबोर्ड टाकायला सांगेल. नुसता कीबोर्ड बदलून फोनच्या वहीत नवी चित्रं येत नाहीत. उलट आपण त्यावर जे टाइप करतो, पासवर्डसुद्धा, ते त्या कीबोर्डमधूनच जातं. अनोळखी कीबोर्ड फोनमध्ये नको.

त्या गटानं आता नियम केलाय. मालाची यादी शब्दांत जाते आणि मावशी उत्तरात तीच यादी परत लिहून पाठवतात. परवा त्यांचा निरोप आला: "लसूण चटणी ८ पाकिटं, आलं लोणचं ६ बरण्या, डबे नाहीत." आणि शेवटी हात जोडलेलं चित्र. ते सगळ्यांच्या फोनवर दिसलं.