पाच हातांचे एक वळण

(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच घरांत जुन्या पत्रांची एखादी पेटी असते. आजोबा-पणजोबा नोकरीधंद्यासाठी सुरतेला आले, मागे गावी भाऊबंद राहिले आणि पत्रे येत-जात राहिली. कागद आता घडीवर तुटू लागले आहेत. म्हणून अशा पत्रांची संगणकावर नक्कल करायची ठरली, की चार-पाच जण हौसेने पुढे येतात. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या हातात द्यायच्या एका कागदाबद्दल. नकला करणाऱ्या सर्वांनी पाळायच्या नियमांचा हा कागद.

असा कागद का लागतो, ते एका नमुन्यावरून पाहू. समजा, १९३५ च्या सुमाराच्या पत्रात अशी ओळ आहे: “मु॥ सुरत ता॥ १५. रुपये ५॥ पावले. घरांत सर्व खुशाल.” ही ओळ तिघांना दिली. पहिल्याने लिहिले, “मुक्काम सुरत, तारीख १५. रुपये साडेपाच पावले. घरात सर्व खुशाल.” दुसऱ्याने “रुपये ५.५०” केले. तिसऱ्याला त्या दोन उभ्या रेघा एक-एक वाटल्या आणि त्याने “रुपये ५११” लिहिले. तिघेही शिकलेले, तिघेही मन लावून काम करणारे. पण वाचणाऱ्यापुढे आता तीन पत्रे झाली आणि मूळ कोणते ते कळेनासे झाले.

म्हणून पहिला नियम हा, की कागदावर आहे ते जसेच्या तसे लिहायचे आणि आपण घातलेले काहीही असले तर ते चौकटी कंसात ठेवायचे. चौकटीच का? कारण गोल कंस पत्र लिहिणारा स्वतःही वापरतो. मग कंस त्याचा की आपला, हे सांगता येत नाही.

दुसरा नियम संक्षेपांचा. “रा. रा.”, “ती.”, “चि.”, “ग. भा.”, “सा. न. वि. वि.” हे नेहमीचे संक्षेप फोडायचे नाहीत. ते सर्वांना कळतात आणि फोडले तर पत्राचा घाट जातो. ज्याचे दोन अर्थ होतात, तेवढाच फोडायचा. आपल्याकडे “ता.” म्हणजे तारीखही आणि तालुकाही. “ता. १५” पुढे काही लिहायला नको, पण “ता. ओलपाड” असेल तिथे “ता. [तालुका] ओलपाड” करावे. मूळ अक्षर राहते आणि अर्थही मिळतो. जुन्या दप्तरी कागदांत “मौ॥” म्हणजे मौजे, “प॥” म्हणजे परगणे. हे आजच्या वाचकाला ठाऊक नसते. त्यांची यादी नियमांच्या कागदाच्या पाठीवर द्यावी.

याच रेघा आकड्यापुढे आल्या की अर्थ पालटतो. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच आणि ५॥। म्हणजे पावणेसहा. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ पासून. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. म्हणून “५.५०” लिहिणे म्हणजे तेव्हा नसलेले पन्नास पैसे पत्रात घालणे. नियम असा: “५॥ [५ रुपये ८ आणे]”. आणि ॥ हे चिन्ह कळफलकावरचे एकच अक्षर म्हणून टंकावे, दोन वेळा । टंकू नये. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे असतात आणि पुढे शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत.

तिसरा नियम शुद्धलेखनाचा. इथे सर्वांत जास्त वाद होतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि “नाहीं”, “कांहीं” यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्यानंतर शाळेत गेलेल्यांचा हात हे अनुस्वार नकळत गाळतो. पण जुन्या लेखनात “घरांत” म्हणजे एका घरातही होई. आज “घरांत” म्हटले की अनेक घरे. एकाने अनुस्वार ठेवले आणि दुसऱ्याने गाळले, तर घर एक होते की दोन, हे नकलेवरून सांगता येत नाही. म्हणून बाळबोध लिपीतल्या पत्रात अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ सारे मूळ तसेच ठेवायचे. गावाचे किंवा माणसाचे नाव एकाच पत्रात दोन तऱ्हांनी आले तरी दोन्ही राहू द्यायच्या. त्यांचे एकच रूप करायचे ते शेवटच्या सूचीत.

मोडीचे मात्र उलट आहे. मोडीत साधारणपणे इकार एकच आणि उकारही एकच. “दिन” आणि “दीन” तिथे सारखेच दिसतात. जपण्यासारखा भेदच कागदावर नाही, म्हणून मोडीवरून नक्कल करताना ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमाने लिहावे आणि तसे नकलेच्या डोक्यावर नोंदवावे. अनोळखी जुना शब्द आला, तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती उघडून पाहावी. त्यात आज बोलण्यातून गेलेले पुष्कळ शब्द मिळतात.

चौथा नियम संशयाचा. शब्द वाचता आला पण खात्री नाही, तर त्याच्या पुढे लगेच [?] लावावे. अजिबात लागला नाही, तर [२ अक्षरे अवाच्य] असे अंदाजाने लिहावे. कागद फाटला असेल तर [फाटले]. अवाच्य अक्षरे दुसरा कोणी भिंगाने वाचू शकेल, फाटलेली नाही, म्हणून हे दोन वेगळे ठेवायचे. आणि सुरतेच्या पत्रांत एक खबरदारी लागते. विचित्र वाटणारा शब्द पुष्कळदा गुजराती निघतो. “पेढी” किंवा “बेन” वाचून कोणी “पेटी” किंवा “बहीण” केले, तर लिहिणाऱ्याची या गावातली वर्षेच पुसली जातात.

नियम पुरे आहेत की नाही, हे कळायचे कसे? एकच पान दोघांना वेगवेगळे द्यावे आणि दोन्ही नकला ओळीला ओळ लावून पाहाव्यात. फरक दोन जातींचे निघतात. एकाने “दर्या” वाचले आणि दुसऱ्याने “दऱ्या”, तर तो नजरेचा फरक. मूळ कागद पुन्हा पाहिला की मिटतो. एकाने “मु॥” ठेवले आणि दुसऱ्याने “मुक्काम” केले, तर नजर दोघांची ठीक आहे, नियम मात्र तोकडा आहे. दुसऱ्या जातीचे फरक तेवढे नियमांत घालावेत. नाहीतर कागदाचे पुस्तक होते आणि पुस्तक कोणी टंकताना उघडत नाही. पाठपोट एका पानात मावले पाहिजे.

कचेरीत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सवयीने सुचते. नियमांच्या कागदावर तारीख घालावी आणि प्रत्येक नकलेच्या डोक्यावर “अमुक तारखेच्या नियमांप्रमाणे” असे लिहावे. पुढे नियम बदलला, तर आधीच्या कोणत्या नकला पुन्हा पाहायच्या ते लगेच कळते. एरवी सगळी पेटी पुन्हा उपसावी लागते.

या कागदाचा नमुना आम्ही मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. ज्यांच्या घरी अशी पत्रे असतील त्यांनी तो न्यावा, एका पानावर दोघांनी बसून करून पाहावा आणि कुठे अडले ते त्याच कागदाच्या समासात लिहून परत आणावा.