पेरभर मलम आणि पातळ कातडीची भीती

लहान मुलाच्या इसबावर स्टिरॉइडचं मलम लिहून दिलं की आईबाबा विचारतात, "डॉक्टर, यानं कातडी पातळ होते ना?" होऊ शकते. पण कुठलं मलम, कुठे आणि किती दिवस, यावर ते ठरतं. हे न कळल्यामुळे मलम टिकलीएवढं लागतं, इसब हटत नाही आणि मूल रात्रभर खाजवत राहतं.

म्हणून आधी माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढा. ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटरचं असेल तर हे पेरभर मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं. मोठ्या माणसाचे बोटांसकट दोन पंजे झाकतील एवढ्या जागेला ते पुरतं. लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी 1991 मध्ये हे माप मांडलं.

समजा, दोन वर्षांच्या मुलाच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब आहे. आईनं आपला पंजा ठेवून पाहिलं, तर सगळे चट्टे मिळून चार पंजे भरले. म्हणजे एका वेळेला दोन पेरं, एक ग्रॅम. डॉक्टरांनी दिवसातून एकदा सांगितलं असेल, तर दहा दिवसांत 15 ग्रॅमच्या ट्यूबमधला दोनतृतीयांश भाग संपायला हवा. "रोज लावतो" म्हणणाऱ्या घरातली ट्यूब दहा दिवसांनी जवळजवळ भरलेली दिसली, की इसब का हटलं नाही ते मला तिथेच कळतं.

आता जागा. पापण्या, चेहरा, काखा आणि जांघा इथली कातडी मुळातच नाजूक. तिथे औषध फार जास्त मुरतं. डायपरखाली तर आणखीच. तिथे सौम्य मलम, तेही थोडे दिवस. हातापायांसाठी दिलेली जोरदार ट्यूब चेहऱ्याला लावायची नाही.

पालकांची भीती निराधार नाही. आपल्याकडे गोरेपणासाठी किंवा गजकर्णासाठी दुकानातून परस्पर घेतलेली मिश्र मलमं लोक महिनोन् महिने चेहऱ्याला आणि जांघेला चोळतात. त्यांत बऱ्याचदा जोरदार स्टिरॉइड असतं. कातडी चकचकीत होते, सुरकुतते, खालच्या शिरा दिसू लागतात. जांघेत वळ उठतात. सुरुवातीचा पातळपणा मलम थांबवल्यावर बराचसा भरून येतो, वळ मात्र पुसले जात नाहीत. योग्य ताकदीचं मलम, चट्टा बोटाला मऊ लागेपर्यंत, साधारण आठवडा-दोन आठवडे लावून थांबवलं, तर ही वेळ सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ओळखा. इसब बसल्यावर सावळ्या कातडीवर फिकट डाग उरतो. आई तो मलमाच्या माथी मारते. बहुतेकदा तो इसबाच्या दाहाचाच असतो. डागावरून बोट फिरवा: कातडी गुळगुळीत असेल, खाज नसेल, तर तिथे स्टिरॉइड नको, फक्त मॉइश्चरायझर चालू ठेवा. मूळ रंग यायला काही महिने लागतात.