डोक्यावरचा एसी

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी पाहिलंय ना? ते ऑफिसच्या हवेतूनच खेचलेलं असतं. त्यामुळे कोरडी झालेली हवा आठ-नऊ तास डोक्यावरून फिरली की टाळू ताणल्यासारखी वाटते, काळ्या शर्टावर पांढरा भुगा दिसतो. लगेच कोंडा म्हणू नका. कण चिमटीत चोळून पाहा. बारीक, सुका असेल तर बहुधा कोरडेपणा. पिवळसर, तेलकट असेल तर कोंडा, आणि तेल चोपडून तो वाढूही शकतो. कोरड्या टाळूला मात्र न्हाण्याआधी तासभर चमचाभर खोबरेल लावा. केसांना नव्हे, भांग पाडून कातडीला. पाणी कोमटच घ्या. एसीचा झोत थेट डोक्यावर येत असेल तर त्याची पट्टी वर वळवा. महिनाभरात फरक पडला नाही किंवा लाली-खाज वाढली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.