धातूची आग आणि आपले लाल सिलिंडर
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्या मंडपाच्या दाराशी वाळूच्या बादल्या आणि एक लाल सिलिंडर ठेवले आहे. कापड, लाकूड, तेल किंवा विजेची वायर पेटली तर ते सिलिंडर कामी येईल. पण एक आग अशी आहे की तिच्यावर हेच सिलिंडर मारले तर ती भडकते. ती म्हणजे धातूच्या पावडरीची आग. हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. ११ एप्रिल २०२५ रोजी संध्याकाळी नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या एमआयडीसीत, ॲल्युमिनियमची पावडर व फॉइल बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान पाच कामगार दगावले. आदिलाबादहून नागपूर काही फार लांब नाही, आणि आपल्याकडची मुले तिकडच्या कारखान्यांत कामाला जातात.

तुम्ही म्हणाल, ॲल्युमिनियमचे पातेले तर रोज चुलीवर चढते, ते कुठे पेटते? बरोबर आहे. पातेल्याच्या पोटातल्या धातूपर्यंत हवा पोचतच नाही. त्याच धातूची पीठासारखी पावडर केली की प्रत्येक कणाला चारही बाजूंनी हवा लागते. फुलबाजीतून उडणाऱ्या पांढऱ्या ठिणग्या म्हणजे पेटलेले धातूचे कणच. मॅग्नेशियम आणि टायटॅनियम यांचा कीस व पावडरही अशीच पेट घेते.

आता समजा, एका शेडमध्ये ग्राइंडरखाली किलोभर ॲल्युमिनियम पावडर साचली आहे आणि ठिणगी पडून ती पेटली. कामगार सवयीने बादलीभर पाणी ओततो. इतक्या तापलेल्या धातूवर पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटता धातू चहूकडे उडतो. शिवाय तापलेला धातू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. हिशेब सोपा आहे. एक किलो ॲल्युमिनियम पूर्णपणे असे जळाले तर साधारण एक लिटर पाणी खाते आणि बाराशे लिटरहून जास्त हायड्रोजन सोडते. तो वायू पेटला तर स्फोटच. म्हणजे आपण पाणी ओतत नसतो, आगीला खाद्य देत असतो.

दुसरा कामगार कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणतो. हा वायू आगीची हवा तोडतो, म्हणून साधी आग विझते. पेटलेले मॅग्नेशियम मात्र त्या वायूतलाच ऑक्सिजन काढून घेते आणि जळतच राहते. मागे पांढऱ्या राखेत काळा कोळसा उरतो. टायटॅनियम तर नायट्रोजनमध्येसुद्धा जळते.

तिसरा कामगार आपल्या मंडपातल्यासारखे एबीसी पावडरचे सिलिंडर आणतो. इथे मोठा धोका त्याच्या जोराचा आहे. नळीतून सुटलेला झोत धातूची पावडर हवेत उडवतो. ढिगाऱ्यावर जळणारी पावडर हवेत ढग होऊन पसरली की सगळे कण एकदम पेटतात. आग होती, तिचा स्फोट होतो.

मग करायचे काय? आधी आग ओळखा. डोळे दिपवणारा पांढराशुभ्र उजेड आणि दाट पांढरा धूर ही खूण. तिच्याकडे टक लावून पाहू नका. आग ढिगाऱ्यापुरती लहान असेल तर धातूच्या आगीसाठीची खास पावडर, म्हणजे ‘डी’ वर्गाची, किंवा पूर्ण कोरडी वाळू लांब दांड्याच्या फावड्याने हलकेच, कडेकडून सरकवत टाका. फेकू नका. सगळा ढीग जाड थराखाली झाकला गेला पाहिजे. थर तडकून उजेड दिसला तर तिथे आणखी टाका. वरून राखाडी, थंड दिसले तरी आत धातू बराच वेळ लाल असतो. उत्सुकतेपोटी उकरले की हवा लागून तो पुन्हा पेटतो.

वाळू कोरडी म्हणजे खरोखर कोरडी हवी. पावसात भिजलेली वाळू टाकणे म्हणजे पाणीच टाकणे. आपल्या मंडपाबाहेरच्या बादल्या भर श्रावण-भाद्रपदात उघड्या असतात. अशी वाळू धातूच्या आगीवर चालणार नाही. कारखान्यात ती झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते.

या उपायालाही मर्यादा आहे. आग ढिगाऱ्याबाहेर गेली असेल किंवा हवेत पावडर उडत असेल, तर वाळूचे फावडे हातात घेऊ नका. माणसे बाहेर काढा आणि १०१ वर फोन करताना नुसते ‘आग लागली’ म्हणू नका. कोणत्या धातूची पावडर आहे ते सांगा. ते कळले नाही तर बंब येऊन सवयीप्रमाणे पाणीच मारील.

शेवटी, कारखान्यात काम करणारा मुलगा, भाऊ, जावई गणपतीला घरी आला असेल, तर त्याला दोन प्रश्न विचारा. तिथे साचलेली पावडर ब्रशने गोळा करतात की कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात? आणि त्याच्या मशीनजवळच्या सिलिंडरवर कोणता वर्ग लिहिला आहे? हवेने उडवत असतील किंवा ‘डी’ लिहिलेले नसेल, तर त्याने कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी सुपरवायझरशी बोलावे.

मोरया!